पाण्याखालचा ढाळ

आमच्या तळ्याच्या बांधावर संध्याकाळी लोक हवा खायला जातात. दगडावर बसून शेंगा खातात आणि टरफलं फटीत टाकून घरी येतात. परवा एक शिकलेला पाहुणा माझ्या दुकानात बसून म्हणाला, "अप्पा, निजामाच्या काळातलं काम बघा कसं पक्कं असायचं." मी त्याला विचारलं, निजाम आला होता का रे दगड उचलायला? थोरल्या पोराने माझ्यावर डोळे वटारले. म्हातारा पाहुण्यांशी धड बोलत नाही, ही त्याची जुनी तक्रार आहे. असू दे. त्या बांधाचं नाव काढलं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

ते काम आश्रुबा वडाराचं. त्याच्या बायकोचंही, तिचं नाव चतुराबाई. आणि त्यात माझाही वाटा आहे, तो आज सांगतो. हातपाय थकले, आता कुणाला भ्यायचं?

आमचं गाव बोरीपासून तीन कोसांवर. मी मन्मथअप्पा, गावातला किराणा दुकानदार. तेव्हा वय सव्वीस. परभणीच्या शाळेत उर्दूतून सहावीपर्यंत शिकलेलो, आणि गावात त्रैराशिक, वर्गमूळ मांडता येणारा मी एकटाच. त्याची मस्ती किती होती म्हणून सांगू! कुणाच्या शेताची पैमाईश असो की लग्नाच्या मांडवाचं माप, बोलावणं आलं की मी कानाला पेन्सिल लावून निघायचो. आई म्हणायची, "मन्मथा, उतू नको, मातू नको." आईचं कोण ऐकतं?

जर्मनीची लढाई सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. आदल्या पावसाळ्यात तळ्याच्या बांधाचा पाण्याकडचा ढाळ लाटांनी खाल्ला. बांध मातीचा, उघडाबोडका. मधे दोनेक ठिकाणी तर बैल आडवा बसावा एवढी खांडं पडली. बांध फुटला असता तर खालची शेतं आणि निम्मं गाव गेलं असतं. दिनकरराव पाटलांनी मनावर घेतलं. दिनकरराव म्हणजे गावचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो गिळता येत नसे. त्यांनी ठरवलं की मधल्या तीनशे फुटांत खांडं भरून पाण्याकडून दगडाचं अस्तर लावायचं. दगड वाहायला गावच्या गाड्या, आणि बसवायला देवगाव फाट्याकडं उतरलेले वडार.

असा आश्रुबा आमच्या गावात आला. सोबत त्याच्या भावकीची चौदा माणसं, दोन हेल्यांचा, म्हणजे रेड्यांचा, एक बुटका दगडी गाडा, तीन गाढवं आणि चतुराबाई.

आश्रुबा पन्नाशीचा, ठेंगणा, मान जवळजवळ नाहीच. डाव्या हाताचा अंगठा कधीतरी सुतकीखाली, म्हणजे दगड फोडायच्या घणाखाली, सापडून चपटा झालेला. जन्म कुठला विचारलं तर म्हणायचा, "कुटं म्हनून सांगू? माय म्हनायची, त्या साली एका घाटाचं काम चालू व्हतं." दगडाशी तो शिव्या देऊन बोलायचा. फुटला की मात्र "शाब्बास" म्हणून त्याच्यावर हात फिरवायचा. बांधावर कुणी पायताण घालून चढलं तर खाली उतरवायचा, मग तो मालक का असेना. दिनकररावांनाही उतरवलं होतं. ते हसले आणि जोडा हातात घेऊन चढले.

चतुराबाई त्याच्यापेक्षा वीतभर उंच. बोलणं कमी. माझी बायको बसम्मा तिला दुपारी ताक द्यायची, तिथंच दोघींचं गूळपीठ जमलं. बसम्माला तिने सांगितलं होतं की तिची तीन लेकरं गेली. एक पूर्णेच्या काठी पुरलं, एक कुठल्याशा सडकेच्या कडेला, तिसरं कुठं ते आता आठवत नाही; गाव आठवतं, पण जागा सापडायची नाही. त्या बाईला एकच पाहिजे होतं: एका जागी राहायचं. चूल मांडायची, आणि ती उचलायची नाही.

आश्रुबाने मजुरी ठरवताना हेच मागून घेतलं. गावाच्या पश्चिमेला बाभळीजवळ खोपटापुरती जागा. दिनकरराव म्हणाले, काम मृगाच्या आत पुरं झालं तर जागा तुझी, चावडीत चार माणसांसमोर शब्द देतो. दुसऱ्या दिवशी चतुराबाईने जाऊन त्या जागेवरचे काटे काढले, शेणसडा टाकला. अजून दगडाला हात लागला नव्हता, आणि बाई सडा टाकून मोकळी.

आता मापाचं सांगतो. नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे.

दगड किती लागणार ते आधी काढायचं होतं, म्हणजे गाड्या किती लावायच्या ते ठरेल. हिसाब सोपा असतो. बांधाची लांबी, गुणिले ढाळाची लांबी, गुणिले दगडाच्या थराची जाडी. जाडी एक फूट ठरली. दगडाखाली खडे आणि जाड वाळूचा अर्ध्या फुटाचा थर, त्याला आश्रुबा गादी म्हणायचा. तिचाही हिसाब तोच, फक्त जाडी निम्मी.

गादी कशाला, असं मी त्याला विचारलं होतं. माझं मत असं की दगड मातीवर ठेवला काय आणि खड्यांवर ठेवला काय, सारखंच. त्याने ओल्या मातीचे दोन ढीग केले, एकावर नुसते दगड लावले, दुसऱ्यावर आधी खडे-वाळू आणि मग दगड. दोन्हींवर घागरभर पाणी ओतलं. पहिल्यातून गढूळ पाणी निघालं, दुसऱ्यातून जवळजवळ निवळ. चारपाच घागरींनंतर पहिल्या ढिगावरचे दगड खचले, आतली माती फटीतून निघून गेली होती. मग म्हणाला की तळं भरताना बांध फुटत नसतो अप्पा, उतरताना फुटतो. बांधात मुरलेलं पाणी माघारी निघतं तेव्हा मातीला हाताला धरून नेतं. गादी असली की पाणी जातं, माती राहते.

शिवरात्र होऊन गेली होती आणि तळ्यात अजून पाणी होतं. बांधाच्या पायथ्याशी सहा फूट. आश्रुबाचं म्हणणं असं की मोरी उघडा, पाणी उतरू द्या, पायथा उघडा पडला की वरपासून खालपर्यंत सोल टाकून मोजू. सोल म्हणजे त्याचा गाठी मारलेला दोर. पण दिनकररावांना घाई. गाड्या शिमग्यापर्यंतच मोकळ्या, दगडाचा आकडा आत्ताच पाहिजे. मी पुढं झालो. म्हणालो, पाण्यात असलं म्हणून काय झालं, मी काढतो.

आश्रुबा तेव्हा खदानीवर होता. मी बांधाच्या माथ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत दोर धरला, एकवीस फूट भरला. मग गुळाची काहील पाण्यात सोडून तिच्यात बसलो. दोन पोहणाऱ्यांनी ढकलत नेली. मी फुटांच्या खुणा केलेला वेळू तळाला टेकवत गेलो. खोली वाढत वाढत सहा फुटांवर आली आणि पुढं वाढेना, म्हणजे तोच पायथा. काठावर सगळं गाव उभं. मी काहिलीत बसून कागदावर लिहिलं: वरचे एकवीस, खालचे सहा, एकूण सत्तावीस.

झालं. इथं माती खाल्ली.

वरचे एकवीस फूट ढाळावरून मोजलेले, आणि खालचे सहा फूट उभे. अहो, एक फूट खाली जायला दोन फूट पुढं जाणारा ढाळ तो. सहा फूट खोल पाण्याखाली ढाळ सव्वातेरा-साडेतेरा फूट भरतो. सहाचा वर्ग छत्तीस, बाराचा एकशे चव्वेचाळीस, बेरीज एकशे ऐंशी, त्याचं मूळ काढ. वर्गमूळ येणारा गावात मी एकटाच होतो ना? आणि मीच काढलं नाही. काठावर गाव बघतंय, काहील गरगर फिरतेय, आणि आकडा कसा सुटसुटीत आला होता. तीनशे गुणिले सत्तावीस गुणिले एक, आठ हजार शंभर घनफूट. शंभराचा एक ब्रास. एक्क्याऐंशी ब्रास दगड, गादीचे खडे साडेचाळीस ब्रास. पायथ्याच्या चराचा मोठा दगड वेगळा.

संध्याकाळी आश्रुबा दुकानात आला. आकडा ऐकला आणि विचारलं, "अप्पा, पान्याखालचा ढाळ धरलाव का?"

"धरला," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. धरलाच होता की माझ्या मते.

शिमग्याच्या आत बहुतेक दगड आला. मोरी उघडली, गुढीपाडव्याच्या सुमारास पायथा उघडा पडला. त्याच दिवशी दुपारी आश्रुबा पुन्हा आला. दुकानात गिऱ्हाईक होतं. तो बाहेर उकिडवा बसून राहिला, आणि गर्दी पांगल्यावर हळूच म्हणाला की एकदा माझ्याबरोबर बांधावर चला, परत सोल टाकून बघू. तेव्हा पंधरा-वीस गाड्या अजून चालू होत्या. मी त्याच वेळी उठलो असतो तर! पण मी त्याला काय म्हणालो? म्हणालो, "माझा हिसाब कागदावर आहे, तुझा गाठीत आहे. जा, काम कर." तो उठला, धोतराची धूळ झटकली आणि गेला.

काम बघत राहावं असं होतं. पायथ्याला चर खणून त्यात सर्वांत थोराड दगड घातले, कारण वरच्या सगळ्या थराचा भार पायथा पेलतो. मग खालून वर. चतुराबाई आणि बाया गाढवांवरून ओढ्याचे खडे-वाळू आणायच्या, ढाळावर पसरायच्या आणि चोपायच्या. त्या गादीवर आश्रुबा दगड उभा बसवायचा, तोंड आत, बूड बाहेर. आडवा टाकला की लवकर होतं, पण लाट त्याला पत्रावळीसारखा उलटवते. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. फटीत कपच्या ठोकायच्या, आणि वर नाचून बघायचं, हलतो का. चौदा माणसं ढाळावर नाचताना बघून गावची पोरं हसायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी दगड संपला. गादीचा ठरलेला ढीगही संपला. आणि बांधाचा माथा अजून साडेसात फूट वर होता. तीनशे फूट लांब, साडेसात फूट रुंद उघडी माती. तीही कुठं? ऐन भरलेल्या तळ्याच्या लाटा जिथं आपटतात तिथं.

भर दुपारी, बांधावर चिटपाखरू नसताना मी दोर घेऊन गेलो. माथ्यापासून पायथ्यापर्यंत टाकला. साडेचौतीस फूट. पुन्हा टाकला. साडेचौतीस. मग तिथंच दगडावर बसून सहाचा वर्ग आणि बाराचा वर्ग काढला. साडेबावीस ब्रास दगड माझ्या कागदावर आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. लोकांचं एकच: कागदावरचा सगळा दगड गाड्यांनी आणला, मग कमी कसा पडला? कुणी म्हणालं वडाराने जाडी जास्त धरली. कुणी म्हणालं त्याच्या गाड्याने दगड बोरीकडं गेला, कुण्या सावकाराच्या विहिरीला. आश्रुबा उभा राहिला. म्हणाला, तीन ठिकाणी उचकटून बघा. स्वतःच्या हाताने बसवलेलं काम त्याने स्वतः पहारीने उचकटलं. मी मोजायला. देवाशपथ सांगतो, मी मनात म्हणत होतो की जाडी सव्वा फूट निघू दे, म्हणजे दोष त्याचाही नाही आणि माझाही नाही, बसवताना हात सैल पडल्याचा निघेल. तिन्ही ठिकाणी दगड एक फूट आणि गादी अर्धा फूट. बोटाचाही फरक नाही.

सगळे परत चावडीवर आले. दिनकररावांनी मला विचारलं, "अप्पा, तुमच्या हिसाबात तर काही गफलत नाही ना?"

बसलेले सगळे माझ्याकडं बघत होते. आश्रुबाही बघत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की मालक, खालचे सहा फूट मी उभे धरले, चुकलो. तेवढं वाक्य. मी म्हणालो, "हिसाब बरोबर आहे."

मग काय उरलं? जाडी बरोबर, हिसाब बरोबर, म्हणजे दगड चोरीला गेला आणि चोर वडार. दिनकररावांनी शब्द फिरवला नाही, पण मऊही केला नाही. म्हणाले की गावाने ठरल्या तेवढ्या गाड्या दिल्या, आता एक चाकही मिळणार नाही. मृगाच्या आत माथ्यापर्यंत दगड लागला तर जागा तुझी. नाही लागला तर गाढवं घेऊन वाट धर. आश्रुबा फक्त "बरं मालक" म्हणाला.

त्याची भावकी निघून गेली. त्यांचं पुढचं काम ठरलेलं, आणि चोर म्हणवून घेऊन कोण राहतं? उरली ही दोघं, गाडा आणि गाढवं. मृगाला छत्तीस दिवस, आणि दगड कमीत कमी दोनशे खेपा. आश्रुबा पहाटे खदानीत दगड फोडायचा, दिवसभर गाडा हाकायचा आणि ऊन उतरलं की ढाळावर बसवायचा. चतुराबाई ओढ्यातून खडे चाळायची, गाढवांवर घालायची, बांधावर पसरायची, चोपायची. परभणीचं वैशाखातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. कावळा जांभई देतो त्या उन्हात. ती बाई दुपारी थांबायची नाही. बसम्मा ताकाचा तांब्या घेऊन ओढ्यात जायची. येऊन मला सांगायची की चतुरा खोकते, तिच्या डोळ्याखाली काळं पडलंय, तुम्ही मालकांना बोला की दोन गाड्या द्या म्हणून. मी म्हणायचो, बघतो.

मी काय केलं ऐका. माझी स्वतःची दुकानाची गाडी आठ दिवस आश्रुबाला दिली, धर्म म्हणून. गाव म्हणालं, अप्पाचं काळीज मोठं, चोरालासुद्धा गाडी दिली! मी ते ऐकून घेतलं. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या तर पाठीलाही नव्हतं.

वरचं काम दोनशे फुटांवर आलं तेव्हा मी एकदा बांधावर गेलो आणि आश्रुबाला म्हणालो की वरच्या उरलेल्या भागात गादी सोडून दे. दगड लागला म्हणजे लोकांना दिसतं, खालचं कोण बघतंय? बाईची निम्मी खेप वाचेल. मला वाटलं मी उपकारच करतोय. त्याने हातातला दगड खाली ठेवला.

"अप्पा, लाट तर हितंच मारनार हाय. गादी न्हाई घातली तर माती फटीतनं जाईल, दोन सालात दगड बसतील. अन् मंग लोक खरंच म्हनतील, वडारानं चोरी केली."

चतुराबाई वर खडे पसरत होती. तिने मान वर केली नाही, चोपणी चालूच ठेवली.

मृग निघाला तो कोरडा. लोक आभाळाकडं बघत बसले, पण ह्या दोघांना तेवढेच दिवस जास्तीचे सापडले. दिनकररावांनीही पाऊस पडेपर्यंत मुदत धरली, एवढं त्यांच्या नावावर. पंचवीस फूट लांबी उरली होती. त्या दिवशी दुपारी गाढवं एकटीच बांधावर आली. पाठीवर गोण्या भरलेल्या, मागं बाई नाही. आश्रुबा थोडा वेळ वाट बघत राहिला, मग ओढ्याकडं पळाला. आम्ही दोघंचौघं मागून गेलो. चतुराबाई चाळणीजवळ आडवी पडली होती. अंग असं तापलेलं की हात ठेववेना. बसम्माने पाणी मारलं, कांदा हुंगवला, तळपायाला कांदा चोळला. तिने एकदा डोळे उघडले आणि आश्रुबाला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. आम्हाला समजलं नाही. दिवस कलायच्या आत गेली.

तो रडला नाही. मीच रडलो, ढसाढसा. गावाला नवल वाटलं.

वडार पुरतात, आमच्या लिंगायतांसारखेच. आश्रुबा दिनकररावांकडं गेला आणि म्हणाला, "मालक, काम उद्या-परवा हुईल. जागा आजच द्या, उसनी." दिनकररावांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते खाली बघत "घे" म्हणाले. बाभळीजवळ सारवलेल्या त्या खोपटाच्या जागेत तिला पुरली. गावाच्या एवढ्या जवळ कुणी पुरू देत नाही, पण त्या दिवशी एक माणूस हूं की चूं बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा ओढ्यात. तिने चाळून ठेवलेला ढीग होता, तो पुरेना. तिच्या चाळणीने त्याने उरलेले खडे चाळले, गाढवांवर घातले, पसरले, चोपले. मग दगड. पंचवीस फुटांना त्याला नऊ दिवस लागले. शेवटच्या दिवशी अंधारून आलं, आर्द्राचा पाऊस कोसळला आणि तो भिजत कपच्या ठोकत होता. भाद्रपदात तळं माथ्याला आलं, लाटा दगडावर आपटून परत गेल्या, पुढं पाणी उतरलं, आणि खडाही हलला नाही. आजतागायत हलला नाही.

दिनकररावांनी त्याला बोलावून सांगितलं की जागा तुझी, शेजारी आणखी देतो, रहा. तो नको म्हणाला. गाडा भरताना मी त्याच्याकडं गेलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. चोरासारखं मी इकडं तिकडं बघून घेतलं. म्हणालो, आश्रुबा, मी चुकलो होतो, पाण्याखालचे सहा फूट मी उभे धरले, ढाळ साडेचौतीस भरतो.

तो हेल्यांच्या जुवाला दोर बांधत होता. हात थांबला नाही.

"ठावं हाय. पानी उतरलं त्याच दिशी सोल टाकला व्हता म्या. म्हनून तर तुमच्या दुकानी आलतो."

"मग चावडीत का बोलला नाहीस?"

"माझ्या गाठी कोन मोजतंय तुमच्या कागदाम्होरं?" मग दोराची गाठ आवळत म्हणाला, "तुमी सांगताल असं वाटलं. चतुरा बी रोज म्हनायची, अप्पा सांगतील, त्यांची बायको ताक घेऊन येती, लय भली मानसं हायती. ऱ्हायचं हाय ना आपल्याला ह्यांच्यात, म्हनायची, कशाला भांडायचं."

गाडा निघाला. गाढवं मागून चालली. मी फाट्यापर्यंत मागोमाग चालत गेलो.

त्याच संध्याकाळी मी चावडीवर जाऊन सगळं सांगितलं. कागद काढला, सहाचा वर्ग, बाराचा वर्ग मांडून दाखवला. मला वाटलं आता लोक अंगावर येतील, दुकानातलं मीठही कुणी नेणार नाही, मालक जोड्याने मारतील. मारावं असंच वाटत होतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काहिलीत बसून अप्पाला भोवळ आली म्हणा की." आणि लोक हसले. दिनकररावसुद्धा मिशीत हसले, म्हणाले, होतं असं कधी कधी, शिकलेला माणूसही चुकतो. चारदोन दिवस पोरं मला बघून "सत्तावीस, सत्तावीस" म्हणत होती. आठवड्याने तेही बंद झालं.

एवढंच झालं. आखाजीच्या आधी, त्या भरल्या चावडीत सांगितलं असतं तरी माझं एवढंच झालं असतं.